ॲडापॅलीन जेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड: टी सुरू असताना आठेक महिने वापरल्यावर

मागच्या आठवड्यात आईचा मरून टॉवेल दोरीवरून काढला तर मधोमध नारिंगी डाग. "अरे, नवा टॉवेल आहे हा, रंग कुठे गेला?" रंग पुटकुळ्यांवर लावायच्या बेंझॉइल पेरॉक्साइडने घालवला. याआधी दोन उशांचे अभ्रे आणि माझा काळा टी-शर्ट गेलाच होता. ट्यूबवर कपड्यांबद्दलचा इशारा इतक्या बारीक अक्षरात आहे की भिंग लागावं. म्हणून लिहायला बसलो.

मी ट्रान्स पुरुष आहे. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे टी, सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यापासून कपाळ, जबडा आणि छाती सपाट ठेवणाऱ्या घट्ट बाइंडरखालची पाठ पुटकुळ्यांनी भरली. हे अपेक्षितच असतं. टेस्टोस्टेरॉनपासून त्वचेत डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं, त्याने तेलग्रंथी जास्त तेल सोडतात आणि पहिल्या वर्षात त्रास बहुधा सर्वाधिक असतो.

त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेलं साधं आहे. सकाळी सौम्य फेसवॉश, जेल सनस्क्रीन. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करायचा, हलकं मॉइश्चरायझर आणि मग वाटाण्याएवढं ॲडापॅलीन ०.१ टक्का, फोडावर नाही तर सगळ्या चेहऱ्यावर. सुरुवातीला एक दिवसाआड. छाती-पाठीवर २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, काही मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. जास्त टक्केवारीने फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. ॲडापॅलीनची पंधरा ग्रॅमची ट्यूब महिनाभर सहज पुरते, त्यामुळे खिशाला झळ लागत नाही. टॉवेलांचा खर्च वेगळा. धुतल्यावरही अंगावर थोडं औषध उरतंच, म्हणून आता माझे टॉवेल, अभ्रे आणि बनियन पांढरेच. गडद बाइंडर त्वचा पूर्ण धुऊन-पुसून झाल्यावरच घालतो.

सहा आठवड्यांनी कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी दोन गुण दिले असते. नाकाच्या कडा सोलत होत्या आणि पुटकुळ्या उलट वाढल्यासारख्या वाटत होत्या. आता चार देतो. या जेलचा परिणाम आठ ते बारा आठवड्यांनी दिसतो. तिसरा महिना संपता संपता कपाळावरचे बारीक दाणे गेले, जबड्यावरच्या दुखऱ्या गाठी कमी झाल्या. एक गुण कापला तो तेलकटपणासाठी. दुपारी नाक अजूनही चमकतं, कारण ॲडापॅलीन रंध्रं बंद होऊ देत नाही, तेल कमी करत नाही. हे दुकानदार सांगत नाहीत. त्यासाठी दिवसातून पाच वेळा तोंड धुऊ नका, त्वचा सोलते आणि जेल सोसवत नाही. डोक्याचं खोबरेल कपाळावर उतरू न देणं याने मला जास्त फरक पडला.

खरी उपयोगी पडली ती कॅलेंडरवरची नोंद. माझी टीची सुई दर तीन आठवड्यांनी, २५० मिलिग्रॅमची. नवे मोठे फोड कधी येतात ते लिहीत गेलो तर बहुतेक सुईनंतरच्या पहिल्या आठवड्यात निघाले. ती वही एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवली. त्यांनी सुईनंतर काही दिवसांनी आणि पुढच्या सुईच्या आदल्या दिवशी अशी दोनदा पातळी तपासून घेतली. सुरुवातीला मर्यादेच्या वर, शेवटी खूप खाली. मग त्यांनी एकूण मात्रा तेवढीच ठेवून ती दर आठवड्याच्या छोट्या सुयांत विभागली. फोडांची ती लाट बरीच ओसरली. मात्रा स्वतःहून कमी करू नका किंवा सुई चुकवू नका. चढउतार आहे की पातळीच जास्त आहे, हे रक्ताच्या तपासणीशिवाय कळत नाही.

पाठीवरच्या गाठी डाग ठेवून जात आहेत, म्हणून आता आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विचार चाललाय. इथे मला राग येतो. एका दवाखान्यात कागदावर "पुरुष" पाहून गर्भधारणेबद्दल कोणी विचारलंच नाही. या गोळ्यांनी गर्भाला गंभीर व्यंग होऊ शकतं, आणि टीने पाळी थांबली तरी गर्भधारणा अशक्य होत नाही. गर्भाशय असेल आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर चाचणी व खात्रीशीर गर्भनिरोधन आधी, आणि गोळ्या थांबल्यावरही महिनाभर. ॲडापॅलीनसुद्धा गरोदरपणात टाळतात. त्वचारोगतज्ज्ञांना टीबद्दल स्पष्ट सांगा. टी आणि आयसोट्रेटिनॉइन दोन्हींनी ट्रायग्लिसराइड वाढू शकतात, म्हणून रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांनी पाहायला हवेत.

औषधाच्या दुकानात "लवकर जाईल" म्हणून हातात दिलेल्या क्रीमवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर परत करा. ते स्टिरॉइड आहे. चेहऱ्यावर चार दिवस छान दिसतं, मग त्याचेच फोड येतात. माझं ॲडापॅलीन चालू राहील, पुढच्या रक्ततपासणीनंतर गोळ्यांचा निर्णय दोन्ही डॉक्टर मिळून घेतील.