१२ लाखांची एसटीपी पूर्ण झाली, त्यानंतरचा अनुभव

जमीन विकून आलेल्या पैशांतले १२ लाख निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात दीर्घ मुदतीसाठी घालायचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळी रक्कम लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या अल्पमुदतीच्या फंडात ठेवली आणि दर महिन्याच्या सुरुवातीला एक लाख इंडेक्स फंडात जातील अशी एसटीपी, म्हणजे सिस्टेमॅटिक ट्रान्सफर प्लॅन, लावली. एसटीपी एकाच फंड हाउसच्या योजनांमध्ये चालते. त्यामुळे इक्विटी फंड आधी ठरवावा आणि लिक्विड फंड त्याच हाउसचा घ्यावा.

सुरुवातीला निफ्टी २५,८०० च्या आसपास होता. मार्चच्या सुरुवातीला तो २२,१०० वर आला. तो हप्ता हाताने भरायचा असता तर घरात नक्की चर्चा झाली असती आणि तो पुढे ढकलला गेला असता. तारीख आधीच ठरलेली असल्याने तो गेला, आणि सगळ्यात स्वस्त युनिट्स त्याच हप्त्यात मिळाले. सप्टेंबर २०२५ अखेर निफ्टी २४,६०० च्या घरात होता. लाभांश सोडला तर एकरकमी टाकलेल्या १२ लाखांचे साडेअकरा लाखांच्या आत झाले असते. माझी सरासरी खरेदी २४,२०० च्या जवळपास पडली, म्हणजे १२ लाखांचे सुमारे १२ लाख २० हजार झाले. शिवाय लिक्विड फंडात थांबलेल्या पैशांवर पस्तीसेक हजार मिळाले.

पण एवढ्यावरून एसटीपी चांगली असं मी म्हणणार नाही. हीच योजना एप्रिल २०२३ मध्ये सुरू केली असती तर निफ्टी वर्षभरात १७,४०० वरून २२,३०० वर गेला होता. एकरकमी टाकणाऱ्याला जवळपास २८ टक्के मिळाले असते, हप्त्यांनी जाणाऱ्याला त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाजार खाली जाण्यापेक्षा वर जाण्याची वर्षं जास्त असतात, म्हणून बहुतेक वेळा एकरकमीच पुढे राहते.

शिवाय एसटीपीचं संरक्षण फक्त हप्ते चालू असेपर्यंतच असतं. शेवटचा हप्ता गेल्यावर आज माझे १२ लाख पूर्णपणे बाजारात आहेत. उद्या निफ्टी वीस टक्के पडला तर मला तेवढाच फटका बसेल, जेवढा एकरकमी टाकणाऱ्याला. एवढी घसरण सोसवणार नसेल तर हप्ते १२ ऐवजी २४ करून काही साधत नाही, इक्विटीतली रक्कमच कमी करावी लागते. म्हणून पुढच्या वेळी रक्कम एकूण बचतीच्या दहा-पंधरा टक्के असेल तर मी एकदम टाकेन. बचतीचा मोठा भाग असेल तर पुन्हा सहा ते बारा महिन्यांची एसटीपी.

करांचं लक्षात ठेवा: प्रत्येक हप्ता म्हणजे लिक्विड फंडाची विक्री असते आणि त्यातल्या नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. इक्विटी फंडातल्या प्रत्येक हप्त्याचं वर्षही वेगळं मोजलं जातं. त्यामुळे माझ्या सप्टेंबर २०२५ च्या युनिट्सना दीर्घकालीन नफ्याचा दर सप्टेंबर २०२६ मध्ये वर्ष पूर्ण झाल्यावरच लागू होतो.