अत्तराला आधार कशाचा: घरचं खोबरेल की जोजोबा?

दापोलीत घरच्या खोबऱ्याचं घाण्यावर काढलेलं तेल हाताशी असताना जोजोबा विकत आणायचं, हे मला सुरुवातीला पटत नव्हतं. आता माझ्याकडे दोन्ही आहेत आणि अत्तर करायचं तर हात जोजोबाकडेच जातो.

दोन्ही तेलांत माझं मिश्रण एकच होतं. दहा मिलीच्या बाटलीत वाळ्याचे तीन थेंब, लॅव्हेंडरचे दोन आणि गवती चहाचा एक. साधारण वीस थेंबांचा एक मिली धरला तर हे तीन टक्के होतात, आणि रोज मानेला-मनगटाला लावायला तेवढं पुरे. वाळ्याचं तेल काकवीसारखं दाट असतं, म्हणून त्याची बाटली आधी थोडा वेळ मुठीत धरावी, नाहीतर थेंब पडता पडत नाही.

खोबरेलाची अडचण त्याच्या स्वतःच्या वासाची. पहिल्या दिवशी लॅव्हेंडर आणि गवती चहा वर तरंगत होते. मनगटावर तासाभराने नुसतं खोबरं उरलं. मग मी थेंब वाढवले. सहाचे बारा झाले, त्यात गवती चहाचे चार. खोबऱ्याचा वास दबला, पण दुसऱ्याच दिवशी मानेवर लाल चट्टा उठला आणि खाज सुटली. गवती चहातलं सिट्रल त्वचेला झोंबतं; अंगाला लावायच्या तेलात गवती चहाच्या तेलाचं प्रमाण ०.७ टक्क्यांच्या आत ठेवतात, माझं दोन टक्के झालं होतं. आधाराचा वास झाकायला थेंब वाढवावे लागतात, तिथेच माझ्यापुरता निकाल लागला.

जोजोबाला जवळजवळ वास नाही, त्यामुळे सहा थेंब सहाच राहतात. मुळात ते द्रवरूप मेण आहे, सहसा खवट होत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पौषातल्या सकाळी माझ्या रोल-ऑनची गोळी फिरेचना. रिफाइंड खोबरेलाला वास नसतो, पण थिजायचं ते थिजतंच.

जोजोबा महाग आहे, हे मान्य. शिवाय कुणाला खोबऱ्याचा वासच आवडत असेल आणि महिनाभरात बाटली संपत असेल, तर घरचं तेल वाईट नाही. वाळा त्यात बरा मुरतो, असं माझ्या नाकाला वाटतं.

तेल कुठलंही घ्या, कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास थांबा. साल दाबून काढलेलं लिंबाचं तेल मात्र उन्हात जाताना अंगावर नको, त्याने त्वचा भाजते. किनाऱ्यावर राहून ऊन कुठे टाळणार? म्हणून लिंबासारख्या वासासाठी मी गवती चहा घेतो, आणि तोही एकच थेंब.