लिंकला टॅग आणि एक शीट: गेल्या दिवाळीपासून वापरतेय, काय कळलं ते सांगते

एका साडीवाल्यांच्या ऑनलाइन दुकानाची कॉपी मी लिहिते, म्हणजे व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्ट, इन्स्टाच्या जाहिराती, प्रॉडक्ट पेजवरचा मजकूर वगैरे. गेल्या दिवाळीपासून प्रत्येक ओळीचा हिशेब ठेवायला मी प्रत्येक ओळीची लिंक वेगळी करते आणि ऑर्डर, रिटर्न सगळं एकाच शीटमध्ये टाकते, महागडं सॉफ्टवेअर काही नाही. दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा असे तिन्ही सीझन यावर काढले, आता पुढच्या दिवाळीची कॉपी यावरूनच लिहायला घेतलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानाच्या लिंकच्या शेवटी असा टॅग जोडते:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=broadcast&utm_campaign=diwali2025&utm_content=semi_jari
```

यातलं शेवटचं `utm_content` हेच आपल्या कामाचं. तिथे कोणती ओळ वापरली त्याचं छोटं नाव टाकायचं, आणि सगळं लहान लिपीतच लिहायचं, कारण `Diwali` आणि `diwali` हे रिपोर्टमध्ये दोन वेगळे कॅम्पेन म्हणून येतात आणि मग बेरीज जुळत नाही. ऑर्डरच्या यादीत हा टॅग उतरतोय का ते सीझनच्या आधीच एक टेस्ट ऑर्डर टाकून बघा, उतरत नसेल तर प्रत्येक ओळीला वेगळा कूपन कोड द्या, काम भागतं.

आता खरी गोष्ट. सेमी पैठणीसाठी दोन ओळी होत्या, यादी सारखी अर्धी अर्धी केलेली. पहिली ओळ "पाडव्याला पैठणी, फक्त 1,499". दुसरी "सेमी पैठणी, मशीनवर विणलेली, हलकी, रोज नेसता येईल अशी, 1,499". दुकानात सगळ्यांचं मत पहिलीच्या बाजूने, क्लिकही तिलाच जास्त, ऑर्डरही तिलाच जास्त. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निकाल लावला असता तर पहिली ओळ जिंकली असती आणि यंदाही तीच गेली असती. पण पार्सलं परत यायला त्यानंतरच सुरुवात होते, म्हणून आम्ही देवदिवाळी होऊन जाईपर्यंत थांबलो.

हिशेब कळावा म्हणून आकडे सोपे करून सांगते. समजा पहिल्या ओळीला 1000 क्लिक आणि 40 ऑर्डर, त्यातल्या 9 दारातूनच परत गेल्या आणि 8 लोकांनी उघडून बघून परत केल्या, म्हणजे टिकल्या 23. दुसरीला 600 क्लिक, 30 ऑर्डर, 3 दारातून परत, 2 उघडून परत, टिकल्या 25. एका साडीमागे 350 रुपये सुटतात आणि परत आलेल्या एका पार्सलला जाण्यायेण्याचे 150 जातात असं धरलं तर पहिलीचे हातात 5,500 आणि दुसरीचे 8,000. क्लिकमागे बघितलं तर पहिली साडेपाच रुपये देते, दुसरी तेरा रुपयांच्या वर. आता याच ओळी जाहिरातीत टाकल्या आणि एक क्लिक सहा रुपयांना पडला तर पहिली ओळ प्रत्येक क्लिकला तोट्यात, आणि डॅशबोर्डवर मात्र तीच सगळ्यात वर दिसणार.

माझ्या मते या पद्धतीत सगळ्यात उपयोगी काय असेल तर परत आलेल्या पार्सलचे दोन वेगळे कॉलम. दारातून परत गेलं त्याला आपण आरटीओ म्हणतो, त्या बाईंनी साडी बघितलेलीच नसते. म्हणजे तिथे कापडाचा, रंगाचा संबंध नाही, पार्सल उशिरा पोचलं, सीओडी होतं आणि मन बदललं, किंवा घरी कोणी नव्हतं. उघडून परत केलं तो रिटर्न, तिथे आपण जे लिहिलं आणि हातात जे आलं त्यात फरक पडला. दोन्ही एकत्र मोजले की नुकसान किती ते कळतं पण कॉपीतला कुठला शब्द बदलायचा ते कळत नाही.

आमचे आरटीओ तारखेप्रमाणे लावले तर बरेचसे शेवटच्या दोन-तीन दिवसांतल्या ऑर्डरचे निघाले, आणि त्या मेसेजमध्ये "भाऊबीजेआधी घरपोच" असं सरसकट लिहिलेलं होतं. पुण्यात ते जमतं, तालुक्याच्या गावाला नाही जमत. ओवाळणीत द्यायची साडी भाऊबीजेनंतर आली तर घेणार कोण? त्यामुळे आता "घरपोच" हा शब्द एकटा जाणार नाही, "या तारखेपर्यंत ऑर्डर केली तर" हे त्याच ओळीत, आणि शहर व गाव यांच्या याद्या वेगळ्या.

रिटर्नचं कारण मात्र ड्रॉपडाऊनवरून कळत नाही. "आवडली नाही" आणि "इतर" हेच दोन पर्याय लोक दाबतात, पटकन संपवायचं असतं. म्हणून शीटमध्ये एक कॉलम फक्त ग्राहकाच्या शब्दांसाठी ठेवलाय, फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर जे बोलल्या ते जसंच्या तसं. एका ताईंनी लिहिलेलं, "अहो ही पैठणी नाहीये, सिल्क पण नाही, सासूबाईंना काय सांगू". दुसऱ्या एकीचं, "फोटोत मोरपंखी दिसते, हातात सरळ हिरवी". पहिलं वाक्य कॉपीवर आहे आणि ते पूर्ण बरोबर आहे, पैठणी म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यासमोर हातमागाची रेशमी साडीच येते आणि त्या किमतीला ती मिळूच शकत नाही. नुसतं "पैठणी" लिहिणं आम्ही त्यानंतर बंद केलं, विक्रीचा प्रश्न तर आहेच पण विणकरांच्या दृष्टीनेही ते चुकीचं आहे असं मला मनापासून वाटतं. दुसरं वाक्य फोटोचं आहे, त्यावर कॉपी कितीही बदला फरक पडणार नाही, उन्हात काढलेला एक साधा फोटो टाकायला लागेल.

मर्यादा पण आहेत. लिंक फॉरवर्ड झाली की टॅगही सोबत जातो, त्यामुळे मावशीने भाचीला पाठवलेली ऑर्डर ब्रॉडकास्टच्याच खात्यात पडते. फोन करून घेतलेल्या ऑर्डर शीटमध्ये हाताने भराव्या लागतात, सीझनच्या गर्दीत ते राहून जातं, त्यासाठी एक माणूस ठरवूनच ठेवा. आणि छोट्या आकड्यांवर फार उड्या मारू नका, वरच्या उदाहरणात टिकलेल्या 23 आणि 25 यात काही अर्थ काढण्यासारखा फरक नाही, पण 40 मधून 17 परत आणि 30 मधून 5 परत हा फरक मोठा आहे आणि ग्राहकांचे शब्दही तेच सांगतायत, म्हणून त्यावर विश्वास ठेवला.

अजून एक, वर्षांची तुलना इंग्रजी तारखेने करू नका. 2025 चं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते 8 नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबरला ऑक्टोबर लावला तर यंदा सगळंच पडलेलं दिसेल. मी शीटमध्ये "लक्ष्मीपूजनाला किती दिवस बाकी" असा कॉलम केलाय, ऑर्डरही त्यावर आणि रिटर्नही मूळ ऑर्डरच्या त्याच दिवसावर टाकते, परत आल्याच्या तारखेवर नाही. नाहीतर दिवाळीचे रिटर्न डिसेंबरच्या माथी बसतात.

यंदासाठी दोन ओळी काढून ठेवल्यात. "सेमी पैठणी, हलकी, दिवसभर नेसली तरी जड होत नाही" आणि "सेमी पैठणी, काठ जरीचा आणि जरा कडक, फॉल लावून देतो". कडक काठाचं आधीच सांगितलं तर क्लिक कमी होतील असं दुकानातल्यांना वाटतंय, मलाही तसंच वाटतंय, पण रिटर्न किती कमी होतात ते बघायचंय. सुरुवातीला दोन्ही छोट्या यादीवर, लक्ष्मीपूजनाच्या महिनाभर आधी पाठवणार, म्हणजे मोठा मेसेज जायच्या आत पहिली परत आलेली पार्सलं हातात असतील.