पायऱ्यांवरची लांब सावली: ब्लेंडरच्या Shadow Catcher चा काही महिन्यांचा अनुभव

फोटोत बाहेरून आणलेल्या वस्तूची सावली सपाट जमिनीवर पाडायची असेल, तर वस्तूचीच काळी प्रत तिरकी ताणली की भागतं. पायऱ्या आल्या की ती युक्ती संपते. म्हणून काही महिन्यांपासून अशी कामं मी ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये करतो. fSpy या प्रोग्रॅमने फोटोतला कॅमेरा जुळवायचा, पायऱ्यांच्या जागी साधे ठोकळे रचायचे आणि त्यांना Shadow Catcher करायचं. ठोकळे दिसत नाहीत, त्यांच्यावर पडलेली सावली तेवढी मिळते.

एक उदाहरण घ्या. खांब 1.8 मीटर उंच, सूर्य क्षितिजापासून 20 अंशांवर. सपाट जमिनीवर सावली जवळपास 5 मीटर जाते. पण खांब पहिल्या पायरीला लागून उभा असेल, सावली वर चढत असेल आणि पायऱ्या 15 सेंमी उंच, 30 सेंमी रुंद असतील, तर ती सातव्या पायरीवरच संपते. हाताने काढताना एवढी आखूड सावली काढायला मन धजत नाही. शिवाय ऊन कोनातून येत असेल, तर पायरीच्या उभ्या भागावर खांबाची सावली सरळ उभी राहते आणि आडव्या भागावर उन्हाच्या दिशेने तिरकी पळते. हा नागमोडी मोड ठोकळ्यांवर आपोआप येतो.

सूर्याच्या दिव्याचा Angle मी 0.526 अंशच ठेवतो. खरा सूर्य साधारण तेवढाच दिसतो. त्यामुळे बुडाशी कड धारदार आणि टोकाकडे मऊ होत जाते. वेगळा ब्लर लावायची गरज नाही.

सावली उतरत्या पायऱ्यांकडे जात असेल तर मात्र सावध. याच मापात प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर 41 सेंमी सावली टाकते, म्हणजे 30 सेंमीची अख्खी पायरी आधीच सावलीत असते. तिथे खांबाची सावली दिसायलाच नको. पण सगळ्या पायऱ्या रचल्या नसतील, तर ब्लेंडर बिनधास्त तिथेही सावली देतो आणि सावलीवर सावली चढून डांबरी डाग उमटतो. फोटोतल्या सावलीचा मास्क करून तेवढा भाग कापावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि सगळ्या पायऱ्या रचल्याशिवाय टाळता येत नाही.

गवताच्या बाबतीत मी समाधानी नाही. सपाट पृष्ठावर कड कात्रीने कापल्यासारखी येते. फोटोशॉपचं Displace ती विस्कटतं खरं, पण त्याला उंची कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. काळसर पातं त्याच्या लेखी खड्डाच. मुख्य उणीव टोकाशी जाणवते. 8 सेंमी गवतात, याच उन्हात, सावलीच्या शेवटच्या 22 सेंमी पट्ट्यातल्या पात्यांचे शेंडे उन्हात राहतात. तो पट्टा मी अजूनही मास्कवर बारीक ब्रशने, एकेक शेंडा उघडा करत रंगवतो.

चढत्या पायऱ्यांसाठी डोळे झाकून वापरा. गवत असेल तर निम्मं काम हातानेच करावं लागेल, हे धरून वेळ ठेवा.