रजेचा अर्ज: शेठजींना आणि पोर्टलवर

बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस रजा हवी आहे. कापडाच्या पेढीवर शेठजींना आधी तोंडी सांगायचं, तेही दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर. मग चिठ्ठी, सोबत पत्रिका:

‘आदरणीय शेठजी, सा. न. वि. वि. बहिणीच्या लग्नामुळे १२ ते १५ मे दुकानात येता येणार नाही. उधारीची वही गणपतला समजावून दिली आहे. आपण सहकुटुंब यावे.’

वहीचं वाक्य गाळलंत तर बाकीची नम्रता फुकट. नुसतं ‘रजा मंजूर करावी’ लिहिलंत तर कपाळावर आठी ठरलेली.

नोकरी कंपनीत असेल आणि रजा तिच्या पोर्टलवर टाकायची असेल, तर तिथे पत्रिका कुणी बघत नाही. रजेचा प्रकार, तारखा आणि कारणात ‘बहिणीचे लग्न, काम सहकाऱ्याकडे सोपवले आहे’, बस. मध्ये रविवार येत असेल तर किती दिवस कापले जाताहेत, ते मात्र सबमिट करण्याआधी बघा.