प्रकल्प संपला, आता मीटिंगची रेकॉर्डिंग पुसायची: झूम सोपं की गूगल मीट?

सोलापुरातला गणवेशाचा धंदा आता बराचसा व्हिडिओ मीटिंगवर चालतो. शाळेची ऑर्डर, कापडाचा शेड, मापांची यादी हे सगळं स्क्रीन शेअर करून ठरतं आणि 'नंतर बघायला लागेल' म्हणून रेकॉर्डही होतं. काम संपलं की त्या रेकॉर्डिंगकडे कुणी फिरकत नाही. ती क्लाउडवर तशीच पडून राहतात. पुढच्या प्रकल्पाला झूम घ्यावं की मीट, हे ठरवताना आपण दर आणि आवाजाचा दर्जा बघतो. काम संपल्यावर कुठलं नीट पुसता येतं, हेही तेव्हाच बघायला हवं असं माझं ठाम मत आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गणवेश कारखान्याचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर बनत होतं, त्या कामात मी समन्वयाला होतो. सुरुवातीच्या मीटिंग पुण्यातल्या डेव्हलपरच्या झूम खात्यावरून झाल्या. नंतरच्या मीटिंग कारखान्याच्या स्वतःच्या गूगल वर्कस्पेसवरून, म्हणजे मीटवर. त्यामुळे शेवटी दोन्हीकडची साफसफाई करावी लागली. एका व्हिडिओत एका शाळेची पूर्ण यादी स्क्रीनवर होती. मुलाचं नाव, इयत्ता, छाती-कंबरेचं माप, पालकाचा मोबाइल नंबर. दुसऱ्या मीटिंगच्या चॅटमध्ये कुणीतरी सर्व्हरचा पासवर्ड जसाच्या तसा टाकला होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम झालं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायची सक्ती नसेल, तर ती पुसायची. पण कायदा बाजूला ठेवला, तरी लोकांच्या मुलांची यादी आपण सांभाळत बसण्याचं काही कारण नाही.

झूमची चांगली बाजू म्हणजे रेकॉर्डिंगचं सगळं सामान एकाच जागी असतं. वेबसाइटवर लॉगिन करून `Recordings` उघडलं की एका मीटिंगखाली व्हिडिओची एमपी4, नुसत्या आवाजाची एम4ए, संवादाची व्हीटीटी आणि चॅटची टीएक्सटी फाइल दिसते. शेवटच्या दोन फाइल सेटिंग चालू असेल तरच बनतात. पूर्ण मीटिंग एकदम पुसता येते किंवा फक्त चॅटची फाइल काढून व्हिडिओ ठेवता येतो. पासवर्डवाल्या मीटिंगचं आम्ही आधी तेच केलं, कारण व्हिडिओतला एक निर्णय अजून लिहून घ्यायचा होता.

पण झूमवर 'डिलीट' दाबलं की फाइल `Trash` मध्ये जाते आणि तिथे 30 दिवस राहते. तोवर ती परत आणता येते. डेव्हलपर फोनवर म्हणाला, "दादा, सगळं उडवलंय." ते खरंही होतं, फक्त `Trash` भरलेलं होतं. ते रिकामं करून त्याचा स्क्रीनशॉट पाठव म्हटलं, तेव्हा काम पूर्ण झालं. खातं दुसऱ्याचं असलं की आपल्या हातात एवढंच उरतं, आणि झूमचा हा मोठा तोटा आहे. क्लाउडवरचं रेकॉर्डिंग होस्टच्या खात्यात असतं, ते आपण उघडून तपासू शकत नाही.

दुसरी अडचण चॅटची. मीटिंग ठरवताना `Continuous meeting chat` चालू असेल, तर ते चॅट झूमच्या `Team Chat` मध्ये ग्रुप म्हणून चालू राहतं. रेकॉर्डिंग पुसलं तरी त्या ग्रुपला धक्का लागत नाही, तो वेगळा काढावा लागतो. शिवाय मीटिंगमध्ये कुणी 'सेव्ह चॅट' दाबलं असेल, तर त्याची प्रत त्याच्या कॉम्प्युटरवर असते. कारखान्याच्या हिशेबनिसांच्या मशीनवर `Documents` मधल्या `Zoom` फोल्डरमध्ये आम्हाला पासवर्ड पुन्हा सापडला. तेव्हा फाइल पुसून भागत नाही, पासवर्डच बदलायचा असतो. तो आम्ही त्याच दिवशी बदलला.

मीटचं गणित उलटं आहे. तिथे मालकी स्पष्ट असते, पण सामान विखुरतं. व्हिडिओ मीटिंग ठरवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये `Meet Recordings` फोल्डरात जातो, चॅटची फाइल त्याच्यासोबत येते आणि ट्रान्सक्रिप्ट वेगळं गूगल डॉक म्हणून बनतं. व्हिडिओ पुसला म्हणून ते डॉक जात नाही. शाळेच्या यादीच्या बाबतीत हेच महत्त्वाचं ठरलं. व्हिडिओ गेला होता, पण शाळेच्या मॅडमनी मुलांची नावं आणि मापं मोठ्याने वाचली होती, ती सगळी डॉकमध्ये अक्षरशः लिहिलेली होती. फोल्डरमधून कुणी डॉक हलवलं असेल तर नुसतं फोल्डर बघून ते कळत नाही. ड्राइव्हच्या शोधपट्टीत हे टाकून बघायचं:

```
owner:me type:document transcript
owner:me type:video
```

नावं बदललेल्या फाइलसाठी मीटिंगचं नाव टाकूनही एकदा शोधावं.

मीटवर पुसलेली फाइलसुद्धा ड्राइव्हच्या `Trash` मध्ये 30 दिवस राहते. ते हाताने रिकामं केलं तरी वर्कस्पेसचा ॲडमिन त्यानंतर 25 दिवसांपर्यंत ती परत आणू शकतो. म्हणून 'आजच पूर्ण नष्ट झालं' असं शाळेला लेखी कळवू नये, तारीख पुढची द्यावी. महागड्या प्लॅनमध्ये फाइल जपून ठेवणाऱ्या गूगल व्हॉल्टचा नियम लावलेला असेल तर फाइल त्याहून जास्त काळही राहते, ते ॲडमिनला विचारून घ्यावं.

ड्राइव्हमध्ये ज्याच्यासोबत फाइल शेअर झाली त्याने स्वतःची प्रत करून घेतली असेल, तर ती प्रत त्याच्या मालकीची. आपण मूळ फाइल पुसल्यावर त्याची तशीच राहते. शेअर करताना डाउनलोड आणि कॉपीची परवानगी काढून ठेवली तर हे बरंचसं टळतं, पण ते पहिल्याच दिवशी करायला हवं.

टीम्स वापरणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे रेकॉर्डिंगला मुळात 120 दिवसांची मुदत लावलेली असते, ॲडमिन ती बदलू शकतो. चॅट मात्र त्या मुदतीत येत नाही, ते वेगळं बघावं लागतं.

मग निवडायचं काय? मीटिंगमध्ये मुलांच्या याद्या, पगारपत्रक किंवा बँकेचे तपशील दिसणार असतील, तर मी कारखान्याच्या स्वतःच्या खात्यावरून मीट घेईन. शोधायला कष्ट पडतात, पण पुसणारा हात आपला असतो आणि पुसलं की नाही ते आपण स्वतः बघू शकतो. ज्या कारखान्यात हे काम करायला कुणी बसणारच नाही, तिथे झूम बरं, कारण त्यात ठरावीक दिवसांनी क्लाउड रेकॉर्डिंग आपोआप पुसण्याचं सेटिंग आहे. पण तेही खातं कारखान्याचंच असेल तर. डेव्हलपरच्या किंवा एजन्सीच्या खात्यावर मीटिंग घ्यायच्याच असतील, तर करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: किती दिवसांत पुसणार, `Trash` रिकामं करणार का, आणि चॅटचा ग्रुप कोण काढणार.

पुसण्याआधी एक काम मात्र दोन्हीकडे सारखं आहे. पैशाचे, मुदतीचे आणि बदलांचे निर्णय व्हिडिओतून काढून एका पानावर लिहावेत आणि समोरच्याला मेल करून 'हे बरोबर आहे' असं उत्तर घ्यावं. करारातल्या पैशांसाठी दावा करायची मुदत साधारणपणे 3 वर्षं असते, तेवढा काळ तो मेल जपून ठेवावा. आमच्याकडे शर्टाच्या बटणांच्या दरातला बदल फक्त एका व्हिडिओत होता. तो मेलवर आला, डेव्हलपरने सॉफ्टवेअरमध्ये तो दर तपासून 'ओके' लिहिलं, आणि मगच ते शेवटचं रेकॉर्डिंग काढलं.