सोलरचा अर्धा हिस्सा भरला, निघताना हाती काही नाही

जुळे सोलापुरात आम्ही भाड्याने राहायचो. वरच्या मजल्यावर घरमालक, खाली आम्ही. वीजजोडणी एकच, मालकांच्या नावाची. उन्हाळ्यात कूलरमुळे बिल चढायचं, म्हणून ते म्हणाले, "तीन किलोवॅटचं सोलर बसवू. खर्च एक लाख ऐंशी हजार. निम्मे तुम्ही द्या, बिलही निम्मं-निम्मं." मी 90,000 रुपये त्यांच्या खात्यावर पाठवले.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं आणि ते वीजग्राहकाच्याच खात्यात जमा होतं. हे त्यांना आधीपासून माहीत होतं, मला सांगितलं नाही. म्हणजे त्यांच्या खिशातून गेले फक्त 12,000 आणि माझ्या खिशातून 90,000. अनुदान वजा करून निम्मं केलं असतं, तर प्रत्येकी 51,000 झाले असते.

पुढे "हिशोब सोपा जाईल" म्हणून त्यांनी आमच्याकडे सबमीटर बसवला आणि युनिटला आठ रुपये घेऊ लागले. आमचा वापर महिन्याला दीडशे युनिटच्या आसपास, म्हणजे बाराशे रुपये. प्लँट मात्र महिन्याला साधारण साडेतीनशे युनिट देत होता, दोन्ही घरांचा वापर त्यात भागायचा. नेट मीटरच्या बिलात महावितरणकडून घेतलेले आणि त्यांना दिलेले युनिट वेगवेगळे छापलेले असतात. फरक तेवढाच आकारला जातो आणि जादा युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात. मी बिल पाहायला मागितलं की "भरून टाकलं" एवढंच उत्तर. शेवटी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावर बिल उघडलं. पावसाळा सोडला तर जवळपास स्थिर आकारच येत होता. म्हणजे माझ्याच पैशांच्या पॅनेलची वीज ते मलाच विकत होते!

दोन वर्षांनी घर सोडताना हिस्सा मागितला. "काका, निदान घसारा धरून तरी द्या," म्हटलं. ते म्हणाले, "पॅनेल माझ्या गच्चीवर, नेट मीटरचा करार माझ्या नावावर. तुमचं काय त्यात?" कागदोपत्री त्यांचंच खरं होतं. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात सोलरचा शब्दही नव्हता. पॅनेल उपटून नेणंही व्यर्थ, कारण नव्या घरी वेगळी गच्ची, वेगळा मालक आणि नवा अर्ज.

भाडेकरूने पैसे घालायचेच असतील, तर करारात रक्कम लिहून घ्या आणि अनुदान कोणाचं तेही. निघताना किती परत मिळणार हे आकड्यात हवं. आमच्या बाबतीत 51,000 पाच वर्षांत सारख्या प्रमाणात वसूल होतात असं धरलं असतं, तर दोन वर्षांनी उरलेले 30,600 परत यायला हवे होते. दर महिन्याचं मूळ बिल पाहण्याचा हक्कही त्यातच लिहा. पैसे बँकेतूनच द्या; माझ्या वकिलांकडे आज दाखवायला तेवढी एकच नोंद आहे.

ते घर पुन्हा भाड्याने लागलं आहे आणि येणाऱ्यांकडे "सोलरचा हिस्सा" मागितला जातोय, असं शेजाऱ्यांकडून कळलं.